आठवडी बाजारातून आयकराचे टप्पे शिकवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इयत्ता सातवी-आठवीसाठी मी हा पाठ दोन तासिकांत घेते. आमच्या मुलांना सोमवारचा बाजार तोंडपाठ आहे, म्हणून पाठ तिथूनच सुरू होतो. ज्या शिक्षकांनी तो आपापल्या वर्गात घेऊन पाहिला, त्यांनी आणि काही पालकांनी विचारलेले प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

या पाठातून मुलांना नेमकं काय कळायला हवं?

एकच गोष्ट. वरच्या टप्प्याचा दर फक्त वरच्या टप्प्यात पडलेल्या पैशाला लागतो, खालच्या पैशाला नाही.

मोठी माणसंही इथेच चुकतात. "पगारवाढ नको, वरच्या टप्प्यात गेलो तर हातात कमीच पडेल," असं म्हणणारे नोकरदार तुम्हीही ऐकले असतील. गणित येत नाही म्हणून ही चूक होते असं नाही. आठ लाखांच्या वर दहा टक्के असं ऐकलं की डोक्यात सगळ्या रकमेचे दहा टक्के होतात. हा गैरसमज मुलांच्या हातून, डोळ्यांसमोर मोडायचा, एवढंच या पाठाचं काम आहे. विवरणपत्र कसं भरायचं, वजावटी कोणत्या, हे इथे शिकवायचं नाही.

बाजारच का? पगाराचं उदाहरण सोपं नाही का?

आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी पगार येत नाही. बाजारात मात्र प्रत्येक जण जातो, काहींची आई किंवा मामा तिथे बसतात. माल कितीला आणला, कितीला गेला, संध्याकाळी उरलेला माल कसा पडत्या भावात द्यावा लागतो, हे त्यांना सांगावं लागत नाही.

शब्दांची एक अडचण आहे, ती आधीच सांगते. मी पहिल्यांदा फळ्यावर "कराचे स्लॅब" लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्या घरावर कालच स्लॅब पडला." त्या मुलांसाठी स्लॅब म्हणजे घराचं छप्पर, दुसरा अर्थ त्यांनी कधी ऐकलेलाच नाही. तेव्हापासून मी पहिल्या तासिकेत "टप्पा" म्हणते आणि स्लॅब हा शब्द शेवटी सांगते, कारण बातम्यांत तोच कानावर पडणार आहे.

बाजारात खरोखर असा टप्प्याटप्प्याचा कर असतो का?

नाही, आणि हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका. बाजारात फाडली जाते ती पावती जागेची. ती ग्रामपंचायतीची किंवा लिलावात वसुली घेतलेल्या ठेकेदाराची असते. कोणाचा धंदा किती झाला याच्याशी तिचा संबंध नसतो. दिवसभर गिऱ्हाईक फिरकलं नाही तरी पावती द्यावीच लागते.

आपण वर्गात एक काल्पनिक गाव घेतो आणि त्या गावाने ठरवलेला नियम मांडतो. हे स्पष्ट केलं नाही तर मूल घरी जाऊन आईला विचारतं, "तुझा कर किती कापला?" आणि घरात उगाच गोंधळ होतो.

काल्पनिक गावाचा नियम काय ठेवायचा?

दिवसभराच्या निव्वळ कमाईचे पहिले ४०० रुपये मोकळे. त्यापुढच्या ४०० वर ५ टक्के, त्यापुढच्या ४०० वर १० टक्के, त्यापुढच्या ४०० वर १५ टक्के. एवढे चार टप्पे पुरेत.

हे आकडे मी असेच घेतलेले नाहीत. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाखांवर ५, ८ ते १२ वर १० आणि १२ ते १६ लाखांवर १५ टक्के असे दर आहेत. तिथेही प्रत्येक टप्पा ४ लाखांचाच आहे. म्हणजे आपल्या बाजारातल्या प्रत्येक रकमेवर तीन शून्यं चढवली की खरा तक्ता तयार होतो. दुसऱ्या तासिकेत हे मुलांसमोर केलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते बघण्यासारखं असतं.

साहित्य काय लागतं?

चिंचोके आणि द्रोण. एक चिंचोका म्हणजे २० रुपये. एका द्रोणात २० चिंचोके, म्हणजे ४०० रुपये. त्याहून जास्त द्रोणात टाकायचे नाहीत.

आता गंमत पाहा. भरलेल्या द्रोणात २० चिंचोके असतील, तर ५ टक्के म्हणजे बरोबर १ चिंचोका, १० टक्के म्हणजे २ आणि १५ टक्के म्हणजे ३. टक्केवारी कच्ची असलेलं मूलही नुसतं मोजून कर काढू शकतं. वर्गाचे पाच गट केले तर सगळे मिळून २५० चिंचोके लागतात. चिंचोके नसतील तर करंजाच्या बिया चालतील. शेंगदाणे घेऊ नका, तासिका संपेपर्यंत हिशेब जुळत नाही. द्रोण नसतील तर जमिनीवर खडूने चार गोल काढा.

पहिली तासिका प्रत्यक्षात कशी घ्यायची?

सुरुवातीची दहा मिनिटं फक्त निव्वळ कमाई काढण्यासाठी ठेवा. इथे घाई करू नका, कारण मी केली होती आणि फसले होते. पहिल्या वर्षी मी भाजीवालीच्या गल्ल्यात जमा झालेल्या सगळ्या पैशावरच कर लावायला सांगितला. एक मुलगी उभी राहिली. तिची आई बाजारात बसते. ती म्हणाली, "बाई, एवढे आईकडे उरत नाहीत. माल भरायलाच निम्म्याच्या वर जातात." ती बरोबर होती. धंद्याचा आयकर उरलेल्या नफ्यावर असतो, विक्रीवर नाही. त्या दिवसापासून पाठाची सुरुवात मी तिच्याच वाक्याने करते.

भाजीवालीचा हिशेब फळ्यावर असा मांडा: विक्री १५५० रुपये. मोठ्या बाजारातून माल भरला १०५० चा, टेम्पोचं भाडं ८०, जागेची पावती २०. उरले ४००. चपलावाल्याचाही मांडा: विक्री ४२००, माल २४५०, भाडं १३०, पावती २०. उरले १६००. बाकीच्या तिघांची निव्वळ कमाई तयारच द्या, नाहीतर वेळ पुरत नाही.

मग प्रत्येक गटाला एक विक्रेता आणि त्याच्या कमाईचे चिंचोके द्या. अट एकच: पहिला द्रोण काठोकाठ भरल्याशिवाय दुसऱ्यात एकही चिंचोका टाकायचा नाही. शेतातली मुलं हे लगेच पकडतात, कारण त्यांनी दारं धरलेली असतात. एक वाफा भरला की मगच दार मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं. पुढच्या वाफ्यात पाणी गेलं म्हणून मागच्या वाफ्यातलं कमी होत नाही. या वाक्यावर थोडं थांबा. आपला सगळा पाठ त्यात आहे.

द्रोण भरून झाले की करवसुलीवाला मुलगा फिरतो. पहिल्या द्रोणाला हात लावायचा नाही, दुसऱ्यातून १, तिसऱ्यातून २, चौथ्यातून ३. बांगडीवाल्याचा तिसरा द्रोण अर्धाच भरलेला असतो, १० चिंचोके. त्याचे १० टक्के म्हणजे १. शेवटी फळ्यावर हे जमतं:

| विक्रेता | निव्वळ कमाई | कर |
|---|---|---|
| भाजीवाली | ४०० | ० |
| कांदे-बटाटेवाला | ८०० | २० |
| बांगडीवाला | १००० | ४० |
| मसालेवाली | १२०० | ६० |
| चपलावाला | १६०० | १२० |

"वरच्या टप्प्यात गेलं की तोटा" हा गैरसमज नेमका कधी मोडायचा?

तक्ता पूर्ण झाल्यावर, तासिकेची दहा मिनिटं उरलेली असताना. कांदे-बटाटेवाल्याला पुढे बोलवा. त्याच्याकडे दोन द्रोण गच्च भरलेले आहेत, कमाई ८००. आता त्याला आणखी एक चिंचोका देऊ करा आणि विचारा, "घेशील का? घेतलास तर दहा टक्क्यांच्या टप्प्यात जाशील."

दरवर्षी निम्मा वर्ग ओरडतो, "नको घेऊ!" त्यांना अडवू नका. त्यांचाच हिशेब फळ्यावर लिहा. सगळ्या रकमेला एकच दर लावला तर ८०० वर ५ टक्के म्हणजे ४० गेले, उरले ७६०. ८२० वर १० टक्के म्हणजे ८२ गेले, उरले ७३८. वीस रुपये जास्त मिळवून बावीस कमी उरले. मुलांना वाटतं आपलं म्हणणं सिद्ध झालं.

आता त्या मुलाला म्हणा, "चिंचोका घे आणि द्रोणात टाक." तो तिसऱ्या, रिकाम्या द्रोणात टाकतो. मग विचारा, "आधीच्या दोन द्रोणांत काही बदललं का?" तो वाकून बघतो. काहीच बदललेलं नसतं. दहा टक्के लागणार ते त्या एकट्या चिंचोक्याला, म्हणजे २० रुपयांवर २ रुपये. कर २० चा २२ झाला आणि हातात ७८० ऐवजी ७९८ राहिले. तिसऱ्या द्रोणाच्या तळाशी पडलेला तो एक चिंचोका मुलं वर्षभर विसरत नाहीत. म्हणून हा भाग फळ्यावर गणित म्हणून उरकू नका, मुलाच्या हातानेच करून घ्या.

मुलांना कळलं की नाही हे तपासायचं कसं?

चाचणीत १००० हा आकडा देऊ नका. तो पाठात येऊन गेला आहे हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे. १००० चं उत्तर मुलाने ६० लिहिलं तर चूक कुठे झाली ते कळत नाही. पहिला मोकळा द्रोण विसरूनही ६० येतात, आणि अर्ध्या भरलेल्या तिसऱ्या द्रोणाला पूर्ण धरूनही ६० येतात.

९०० द्या. बरोबर उत्तर ३० आहे: दुसऱ्या द्रोणाचे २० आणि तिसऱ्यातल्या १०० चे १०. मुलाने ९० लिहिलं तर त्याने सगळ्या रकमेला वरचा दर लावला, म्हणजे मूळ गैरसमज जागच्या जागी आहे. ५० लिहिलं तर मोकळे ४०० विसरला. ६० लिहिलं तर तिसरा द्रोण पूर्ण भरलेला धरला. प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतं, त्यामुळे वह्या तपासतानाच कोणाला काय पुन्हा समजवायचं ते कळतं. ९० वाल्यांना परत द्रोणांपाशी बसवा. बाकीच्यांना तोंडी सांगून भागतं.

"चपलावाला पंधरा टक्क्यांच्या टप्प्यात आहे" म्हणजे तो पंधरा टक्के कर देतो का?

नाही. १६०० वर त्याने १२० दिले, म्हणजे साडेसात टक्के. पंधरा टक्के हा फक्त त्याच्या शेवटच्या द्रोणाचा दर आहे. दुसऱ्या तासिकेत पाचही विक्रेत्यांचा असा सरासरी दर काढून घ्या. शेकडेवारीचा चांगला सराव होतो, आणि टप्प्याचा दर व प्रत्यक्ष पडणारा दर यांतला फरकही दिसतो.

जास्त कमावणाऱ्याला जास्त टक्के का, असं मुलांनी विचारलं तर?

विचारतातच. उत्तर तुम्ही देऊ नका, आकडे द्या. पाच जणांची मिळून कमाई ५००० आहे आणि कर २४०. तेवढेच २४० रुपये सगळ्यांकडून एकाच दराने घ्यायचे ठरवले तर दर येतो ४.८ टक्के. मग भाजीवालीला १९ रुपये २० पैसे द्यावे लागतात, जिथे आधी शून्य होते. बांगडीवाल्याचे ४० चे ४८ होतात. मसालेवालीचे ६० चे ५७ रुपये ६० पैसे, म्हणजे जवळपास तेवढेच. चपलावाल्याचे १२० वरून ७६ रुपये ८० पैशांवर येतात.

आता मुलांना बोलू द्या. आमच्या वर्गात एक मुलगा ठामपणे म्हणाला होता की चपलावाल्याने पहाटे उठून जास्त गावं केली, मग त्याला जास्त टक्के का? एका मुलीचं म्हणणं होतं की ४०० मधून १९ गेले तर भाजीवालीचा तेलाचा पुडा राहतो. दोन्ही म्हणण्यांत वजन आहे. देशाने टप्प्यांची पद्धत का निवडली ते सांगा: ज्याच्याकडे पोटापुरतंच आहे त्याच्याकडून घेऊ नये, आणि जसजशी ऐपत वाढते तसतसा वाटा वाढावा. पण वर्गात हात वर करून निकाल लावू नका.

बारा लाखांपर्यंत कर नाही असं सगळे म्हणतात, मग पहिला द्रोण चार लाखांचा कसा?

पालकांकडून सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि इथे द्रोणांचं उदाहरण एकटं पुरत नाही.

२०२५-२६ च्या नव्या प्रणालीत १२ लाख उत्पन्नावर टप्प्यांप्रमाणे कर निघतोच: २० हजार आणि ४० हजार मिळून ६० हजार. आपल्या मसालेवालीच्या ६० वर तीन शून्यं चढवली की हाच आकडा येतो. मग सरकार वेगळ्या नियमाने म्हणतं की उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६० हजारांपर्यंतचा हा कर माफ. म्हणजे चिंचोके द्रोणातून काढले आणि परत केले. पगारदारांना त्याआधी ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांच्या बाबतीत १२ लाख ७५ हजार हा आकडा ऐकू येतो.

चाणाक्ष मूल पुढचं विचारेलच: मग १२ लाखांच्या वर एक रुपया गेला तर एकदम ६० हजार? इथे खरोखरच तोटा होऊ शकला असता, म्हणून कायद्यात त्यावर उपाय ठेवला आहे. उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो, पण १२ लाखांच्या वर जेवढे मिळाले त्याहून जास्त कर घेता येत नाही. म्हणून कर १०,००० च. ही सवलत साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत उपयोगी पडते, त्यापुढे टप्प्यांचा हिशेबच कमी येतो. या सगळ्या करावर वर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर असतो, तो मी सातवीला सांगत नाही.

सातवीला करमाफी दोन वाक्यांत सांगून पुढे जा. आठवीला १२ लाख १० हजारांचं उदाहरण जरूर द्या.

"आमचे बाबा शेतकरी आहेत, त्यांना कर किती?" याला काय उत्तर द्यायचं?

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. म्हणून पाठातली भाजीवाली स्वतः पिकवणारी नाही, माल भरून विकणारी घेतली आहे, आणि हे मुद्दाम सांगायचं. स्वतःच्या वावरातली मेथी बाजारात आणून विकली तर ते शेतीचं उत्पन्न. दुसऱ्याची मेथी घेऊन नफ्याने विकली तर तो धंदा. बाजारात या दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असतात, कायद्याला मात्र त्या वेगळ्या दिसतात. शेतीसोबत दुसरं करपात्र उत्पन्न असेल तर त्याचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न हिशेबात धरलं जाऊ शकतं, पण ते वर्गात काढायची गरज नाही.

आणखी एक काळजी घ्या. कोणाच्याही घरचं खरं उत्पन्न वर्गात विचारू नका. पाचही विक्रेते काल्पनिकच राहू द्या.

जीएसटीचेही टप्पे असतात. ते यातच शिकवू का?

एकत्र शिकवू नका. शब्द सारखा असला तरी गोष्ट निराळी आहे. जीएसटीचा दर वस्तूवर ठरतो: २२ सप्टेंबर २०२५ पासून वहीवर शून्य, बिस्किटावर ५ टक्के, टीव्हीवर १८ टक्के. तिथे द्रोण भरत पुढे जाणं नाही. टीव्हीच्या पूर्ण किमतीला १८ टक्के लागतात आणि घेणारा गरीब असो की श्रीमंत, दर तोच. आयकराची घडी पक्की बसायच्या आत हे सांगितलं तर "सगळ्या रकमेला एकच दर" ही चूक परत येते. मी दोन्हींच्या मध्ये निदान आठवडा जाऊ देते.

पाठ्यपुस्तकाशी याचा संबंध कुठे येतो?

सातवी-आठवीत शेकडेवारीशी. राज्य मंडळाच्या नववीच्या बीजगणितात "अर्थनियोजन" प्रकरणात आयकराचे तक्ते आहेत. त्यातले दर पुस्तक तयार झालं त्या काळचे आहेत, तेव्हा परीक्षेसाठी पुस्तकातलाच तक्ता आणि घरी आई-बाबांना समजावण्यासाठी चालू वर्षाचा, असं मुलांना सांगून ठेवा. दर बदलले तरी द्रोण भरण्याची रीत तीच राहते. द्रोण किती मोठा आणि त्यातून किती चिंचोके काढायचे, एवढंच बदलतं.

माझ्याकडे एकच तासिका आहे. काय गाळू?

सरासरी दर गाळा, एकाच दराची तुलना गाळा, करमाफी गाळा. पाचाऐवजी दोनच विक्रेते घ्या, भाजीवाली आणि कांदे-बटाटेवाला, आणि त्यांची निव्वळ कमाई तयार द्या. उरलेला सगळा वेळ तिसऱ्या द्रोणात पडणाऱ्या त्या एका चिंचोक्याला द्या. शेवटची पाच मिनिटं ९०० च्या गणितासाठी राखून ठेवा आणि वह्या त्याच दिवशी बघा.